काकांची स्विफ्ट घ्यावी की डीलरची?

प्रश्न: आम्ही सांगलीत राहतो. बजेट साडेचार लाख, सगळं बचतीतलं, कर्ज काढायचं नाही. आमच्याच बिल्डिंगमधले काका मुलाची २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट विकताहेत. ३८ हजार किलोमीटर चाललीय. मुलगा तीन वर्षांपूर्वी जर्मनीला गेला, तेव्हापासून काका ती क्वचितच बाहेर काढतात. चार लाख चाळीस हजार म्हणताहेत. ‘कागदपत्रं मुलगा मे महिन्यात आला की करू, तोवर तुम्ही गाडी वापरा’ असंही म्हणाले. दुसरीकडे मिरजेला जाताना एका डीलरकडे त्याच वर्षाची, ५२ हजार चाललेली स्विफ्ट आहे. चार लाख पंच्याऐंशी हजार, सहा महिन्यांची वॉरंटी. नवरा म्हणतो डीलर बरा, काही झालं तर तोंड उघडून भांडता तरी येतं. सासूबाई म्हणतात काका तीस वर्षांचे शेजारी, त्यांना नाही कसं म्हणायचं? काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर: माझा कल काकांच्या गाडीकडे आहे. पण मुलाची सही आणि त्याचा ओटीपी मिळेपर्यंत किल्ली हातात घेऊ नका. तुमच्या पत्रात मला सगळ्यात काळजीचं वाक्य वाटलं ते ‘तोवर वापरा’ हे. काकांनी ते प्रेमानेच म्हटलं असणार, आणि म्हणूनच ते नाकारणं जड जातं.

गाडी काकांची नाही, मुलाची आहे. आरसीवर ज्याचं नाव, तोच ती विकू शकतो. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर त्याचीच सही लागते. आपल्याकडे सगळे त्याला टीटी फॉर्म म्हणतात. वडिलांनी मुलाच्या नावाने सही ठोकली तर ती खोटी सही झाली, घरातली असली तरी. शिवाय आता ही कामं परिवहनच्या पोर्टलवरून होतात आणि ओटीपी येतो तो मालकाच्या नोंदवलेल्या मोबाइलवर. तीन वर्षं परदेशात असलेल्या माणसाचं इथलं सिम चालू असेलच असं नाही. तेव्हा काकांना पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. ‘दादाचा इथला नंबर चालू आहे का, आणि आरसीला तोच जोडलाय का?’ एवढंच विचारा. नंबर बंद असेल तर तो आधी बदलून घ्यावा लागेल, आणि त्यात दिवस जातात.

दुसरा प्रश्न कर्जाचा. २०१८ मध्ये नोकरदार तरुणाने घेतलेली गाडी बहुतेक वेळा कर्जावरची असते. हप्ते फिटून वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचं नाव, म्हणजे एचपी, तशीच राहिलेली दिसते, कारण ती उतरवायला कुणी आरटीओत जातच नाही. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकलात की ते तुम्हालाच कळेल. एचपी दिसली तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. बँकेची एनओसी साधारण तीन महिनेच चालते, त्यामुळे कपाटात जपून ठेवलेली २०२३ ची एनओसी बहुधा उपयोगाची नाही. नवीन मागायची तर बँक ती कर्जदारालाच देते, म्हणजे पुन्हा मुलगाच. त्याला जर्मनीतून एक ईमेल करून हे काम आत्ताच सुरू करता येईल, मे महिन्याची वाट पाहायला नको. मे मध्ये तो तीन आठवड्यांसाठी येणार, त्यातला एक आठवडा लग्नकार्यात जाणार, आणि बँकेचं पत्र त्याच्या परतीच्या विमानानंतर येणार, हे चित्र फार अनोळखी नाही.

मे पर्यंत थांबायचंच नसेल तर मुलाने तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करून पाठवायचं, असाही एक मार्ग आहे. त्यात या गाडीचा नंबर, चासी नंबर आणि विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. पण ते चालवून घेतील का, हे सांगलीच्या आरटीओत आधी विचारा आणि मगच त्याला धावाधाव करायला लावा.

आता ‘तोवर वापरा’ने नेमकं काय होतं ते सांगते. मोटार वाहन कायद्याप्रमाणे, एकाच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विमा पॉलिसी आपल्या नावावर करून घेण्यासाठीही घेणाऱ्याला १४ दिवस मिळतात. तुम्ही पैसे दिले, गाडी दारात आणली, आणि पॉलिसी मुलाच्याच नावावर राहिली. मग कोल्हापूर रोडवर कुणी समोरून ठोकलं तर तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. पॉलिसी ज्याच्या नावावर त्याची गाडी राहिलेली नाही, आणि जिची गाडी आहे तिच्या नावावर पॉलिसी नाही, असं ती सांगते. समोरच्या माणसाला इजा झाली तर त्याची भरपाई त्या पॉलिसीतून मिळते, तो भाग वेगळा. पण तुमचा बंपर, तुमचं बॉनेट, तुमचं रेडिएटर तुमच्या खिशातून.

काकांच्या मुलाचा धोका याहून मोठा आहे, आणि हेच तुम्हाला संकोच न करता बोलण्याचं साधन आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. एका माणसाने २००७ मध्ये गाडी विकली होती. ती पुढे आणखी काही हातांतून गेली, आणि २००९ मध्ये तिने अपघात केला. नाव मात्र आरटीओत कुणीच बदललं नव्हतं. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या माणसावर टाकली, कारण कायद्याच्या नजरेत नोंद ज्याची तोच मालक. तेव्हा काकांना सरळ सांगा: ‘काका, माझ्या हातून रस्त्यात काही झालं तर नोटीस दादाच्या नावाने येईल. तो तिकडे, तुम्ही इथे एकटे कोर्टात हेलपाटे घालणार. मला ते नको.’ यात अविश्वास कुठेच नाही, आणि खोटंही काही नाही. कुठल्याही बापाला हे पटतं.

डीलरकडे हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत येतो. यार्डात उभी असलेली गाडी डीलरच्या नावावर असते असा आपला समज असतो. पुष्कळदा ती आधीच्या मालकाच्याच नावावर असते आणि ड्रॉवरमध्ये त्याने सही करून ठेवलेले कोरे टीटी फॉर्म असतात. काही वेळा तर डीलरने गाडी विकतही घेतलेली नसते, फक्त कमिशनवर उभी केलेली असते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं (फॉर्म २९बी), आणि गाडी ताब्यात आल्याची नोंद पोर्टलवर करावी लागते (फॉर्म २९सी). ही नोंद झाली की कागदपत्रांची जबाबदारी त्याच्यावर येते. मिरजेच्या डीलरला ही दोन कागदं दाखवायला सांगा. आहेत, तर तो नियमात धंदा करणारा आहे. ‘अहो मॅडम, एवढं कुणी विचारत नाही’ असं उत्तर आलं, तर वॉरंटीच्या कागदाचीही किंमत तुम्ही मनातल्या मनात निम्मी करा.

वॉरंटीबद्दल तुमच्या मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. डीलर हा व्यापारी, म्हणून ग्राहक संरक्षण कायदा त्याला लागू होतो आणि सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. काकांविरुद्ध ती वाट नाही. घरगुती विक्रीत तुम्ही ‘ग्राहक’ ठरत नाही. उरतो तो दिवाणी दावा, म्हणजे ज्याच्यावर दावा लावला त्याच्याशी रोज जिन्यात भेट. पण सहा महिन्यांच्या वॉरंटीत काय येतं ते वाचा. साधारणपणे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या आतले भाग येतात. २०१८ च्या स्विफ्टमध्ये पहिल्या सहा महिन्यांत जे खर्च निघतात ते क्लच, सस्पेन्शनचे बुश, एसीचा गॅस, बॅटरी, टायर. यातलं बहुधा काहीच येत नाही. शिवाय सर्व्हिसिंग त्यांच्याकडेच करायची, अशी अट असते. बिलावर डीलरच्या फर्मचं नाव, चासी नंबर आणि मीटरचा आकडा छापून घ्या. ‘५२ हजार किलोमीटर’ हे वाक्य त्याच्या तोंडी राहिलं तर पुढे भांडायला काही उरत नाही.

आता गाड्यांकडे येऊ. काकांची गाडी कमी चालली म्हणून चांगली, असं लगेच धरू नका. तीन वर्षं पार्किंगमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीचे आजार वेगळे असतात. महिन्यातून दोनदा देवळापर्यंत नेऊन आणलेली गाडी पुरती तापतच नाही, त्यामुळे ऑइल खराब होतं आणि सायलेन्सर आतून गंजतो. बॅटरी बसते. उंदीर इंजिनच्या वायरी कुरतडतात; सांगलीतल्या कुठल्याही बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ही नवलाईची गोष्ट नाही. बॉनेट उघडून वायरिंगवर नवीन काळी टेप गुंडाळलेली दिसते का, कोपऱ्यांत लेंड्या दिसतात का, ते पाहा.

टायर पाहायला मेकॅनिक लागत नाही. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ‘०९१८’ म्हणजे २०१८ सालातला नववा आठवडा. चारही टायरवर २०१८ चेच आकडे असतील तर ३८ हजारावर माझा विश्वास बसेल, कारण तेवढ्या चालीत मूळ टायर टिकतात. पण त्याच वेळी ते टायर बदलायचेही आहेत, खाचा कितीही खोल दिसल्या तरी. इतक्या वर्षांत रबर कडक होतं, कडेला बारीक भेगा पडतात, आणि पावसात ब्रेक लावला की गाडी घसरते. म्हणजे एकच आकडा तुम्हाला मीटरबद्दल दिलासा देतो आणि किंमत कमी करायला कारणही देतो.

गाडी बघायला जाताना काकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की सकाळी मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा, थंड हवं. गार इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं का, आणि मागे निळसर धूर येतो का, हे तेव्हाच कळतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. सकाळी थोडी पांढरी वाफ येऊन दोन मिनिटांत थांबली तर घाबरायचं कारण नाही. गाडी तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर मात्र कूलंट आत जातंय. मग ऑइलच्या झाकणाची आतली बाजू पाहा. तिथे दुधाळ चिकट थर असेल तर दोन कारणं संभवतात. सतत जवळच्या फेऱ्या मारल्याने साठलेला ओलावा, किंवा हेड गॅस्केट. काकांच्या गाडीत पहिलं कारण असण्याची शक्यता बरीच आहे, पण ठरवायचं काम मेकॅनिकचं. तुमचा मेकॅनिक तुम्ही निवडा, काकांचा नेहमीचा नको. गाडी लिफ्टवर चढवून आणि स्कॅनर लावून बघणारा गॅरेजवाला हजार-दोन हजार घेईल. द्या. आणि हे काकांना ‘आमच्या ह्यांची अट आहे’ असं सांगून टाका. नवऱ्यांचा एवढा उपयोग व्हायलाच हवा.

डीलरच्या गाडीत मात्र मला वेगळी भीती आहे, आणि ती सांगलीकरांना वेगळी सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. दोन्ही वेळा सांगली-कोल्हापूर पट्ट्यात पुष्कळ गाड्या बुडाल्या. विमा कंपनीने ज्यांना टोटल लॉस ठरवलं त्यातल्या बऱ्याच भंगारात जात नाहीत. कुणीतरी त्या स्वस्तात उचलतो, धुऊन, वायरिंग बदलून पुन्हा बाजारात आणतो. २०१८ ची गाडी दोन्ही पुरांत रस्त्यावर होती. काकांना विचारता येतं, ‘पुराच्या वेळी गाडी कुठे होती?’ आणि तुम्हाला स्वतःलाही ते आठवत असेल. शेजाऱ्याची गाडी घेण्याचा खरा फायदा मला हा वाटतो. डीलरला तेच विचारलंत तर तो हसून ‘पुण्याची गाडी आहे’ म्हणेल.

त्याच्या गाडीत तुम्ही काय पाहायचं? ड्रायव्हरच्या सीटबेल्टचा पट्टा पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग रोज हाताळला जातो, धुतला जातो. आत गुंडाळून राहिलेल्या भागावर गाळाची पिवळट रेघ राहते. सीट पुढे-मागे सरकवून खालच्या रुळांवर गंज आहे का ते पाहा. डिकीत स्टेपनी काढून खालच्या खळग्यात बोट फिरवा. हेडलाइटच्या काचेत आतून धुळीची रेषा दिसते का ते पाहा. नवी कोरी सीटकव्हरं आणि गाडीत शिरताच दणकून येणारा अत्तराचा वास, हे दोन्ही एकत्र असतील तर मी आणखी बारकाईने पाहीन.

आणखी एक गोष्ट पाहा, जी फार कमी लोक पाहतात: जुनी विमा पॉलिसी. तिच्यावर नो क्लेम बोनस टक्क्यांत लिहिलेला असतो. एक वर्ष दावा नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५, आणि पाच वर्षांनंतर ५०. तिथेच तो थांबतो. एकदा दुरुस्तीचा दावा केला की पुढच्या वर्षी तो शून्यावर येतो. समजा डीलर म्हणतोय, ‘मॅडम, एक खरचटाही नाही, नॉन-ॲक्सिडेंट’, आणि गेल्या वर्षीच्या पॉलिसीवर बोनस २० टक्के आहे. म्हणजे त्याच्या दोन वर्षं आधीच्या सुमारास कुणीतरी दावा घेतलाय, किंवा पॉलिसी मधे बराच काळ बंद होती, किंवा गाडी मधेच दुसऱ्या मालकाकडे गेली. तिन्हीपैकी काय झालं ते त्याला सांगू दे. हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो, त्यामुळे ५० टक्के दिसले तरी ते मालकाच्या आधीच्या गाडीवरून आलेले असू शकतात. पण कमी आकड्याला कारण लागतंच.

काकांच्या बाबतीत हीच पॉलिसी दुसऱ्या कारणासाठी मागा. उभ्या गाडीचा विमा लोक फक्त थर्ड पार्टीपुरता उतरवतात, किंवा उतरवतच नाहीत. तसं असेल तर नाव बदलताना तुम्हाला पूर्ण विमा नव्याने घ्यावा लागेल, कंपनी आधी गाडीची तपासणी करेल, आणि त्याचे पैसे तुमच्या हिशोबात धरावे लागतील.

मीटरबद्दल थोडक्यात. मॉडेल मारुतीचं असल्याने अधिकृत वर्कशॉपमध्ये प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचा मीटरचा आकडा नोंदलेला असतो. मालकाच्या संमतीने ती नोंद मागता येते. २०२२ च्या जॉबकार्डवर ६१ हजार आणि आज यार्डात ५२ हजार, असं दिसलं तर पुढे बोलण्याची गरज नाही. डीलर ती नोंद देत नसेल तर ब्रेकच्या पेडलचं रबर आणि स्टिअरिंगचा वरचा भाग पाहा. पन्नास हजार चाललेल्या गाडीत ते गुळगुळीत होत नाहीत.

आता किंमत, म्हणजे जिथे तुमची खरी अडचण होणार आहे. काकांशी घासाघीस कशी करायची? करू नका. त्यांच्यासोबत बसून हिशोब मांडा. काकांना सांगा की दोन-तीन डीलरना किंवा ऑनलाइन गाड्या घेणाऱ्यांना विचारून बघा, ते तुम्हाला हातात किती देतात. समजा तीन लाख नव्वद हजार म्हणाले. ही काकांची खालची पातळी. याहून कमी घेण्यात त्यांचा तोटा. तुमची वरची पातळी डीलरच्या गाडीवरून काढा. चार पंच्याऐंशी सांगितलेत, बोलून चार सत्तरला येईल असं धरू. पण ती गाडी तयार करून ठेवलेली आहे, काकांची नाही. काकांच्या गाडीला चार टायर साधारण वीस हजार, बॅटरी पाच हजार, सगळी ऑइलं, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल बदलून पूर्ण सर्व्हिसिंग दहा हजार. एकूण पस्तीस हजार. म्हणजे आहे त्या स्थितीत काकांची गाडी तुमच्यासाठी चार पस्तीसची. तीन नव्वद आणि चार पस्तीस यांच्या मधोमध येतं चार लाख बारा-तेरा हजार. चार पंधराला सौदा झाला तर काकांना डीलरपेक्षा पंचवीस हजार जास्त मिळतात, आणि पस्तीस हजार घालून तुमची गाडी साडेचार लाखांत रस्त्यावर येते. डीलरपेक्षा वीस हजार कमी, चौदा हजार किलोमीटर कमी चाललेली, आणि इतिहास माहीत असलेली. त्या वीस हजारांच्या बदल्यात तुम्ही वॉरंटी सोडताय, हे लक्षात असू द्या. गॅरेजवाल्याने गाडीला होकार दिला असेल तर मी ती सोडेन.

काका चार चाळीसच धरून बसले तर दोन गोष्टी त्यांना शांतपणे सांगता येतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, नवीन स्विफ्ट स्वस्त झाली, आणि तिच्यामागोमाग जुन्यांचे भावही सरकले. त्यांच्या डोक्यातला आकडा कदाचित त्याआधीचा असेल. दुसरं, डीलरच्या किमतीत त्याचा नफा आहे आणि त्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. घराघरातल्या विक्रीत तो लागत नाही. डीलरला सत्तर हजार सुटत असतील तर त्यातले दहा-बारा हजार सरकारला जातात. ‘डीलर चार पंच्याऐंशी घेतो, मग मी चार चाळीस का नको?’ याचं उत्तर एवढंच.

पैसे रोखीत देऊ नका, काकांच्या हातातही नको. मुलाच्या भारतातल्या खात्यात पाठवा, म्हणजे विकणारा, सही करणारा आणि पैसे घेणारा एकच माणूस राहील. गॅरेजवाल्याचा होकार आल्यावर दहा हजार टोकन द्या. सोबत मुलाला एक मेसेज करा: ‘एमएच १० अमुक नंबरच्या स्विफ्टसाठी टोकन, अमुक किमतीला ठरलं, एचपी उतरली नाही किंवा नाव बदललं नाही तर परत.’ त्याचा ‘ओके’ आला की तो जपून ठेवा. उरलेली रक्कम टीटी फॉर्मवर सह्या होतील आणि पोर्टलवर अर्ज दाखल होऊन पावती हातात येईल त्या दिवशी. गाडी त्याच दिवशी घ्या, आणि ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. सकाळी अकराला घेतली आणि सकाळी साडेनऊचं सिग्नल तोडल्याचं चलन नंतर आलं, तर ते कुणाचं, हा वाद मिटतो. जुनी ई-चलनं आधीच महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साइटवर पाहून काकांना भरायला सांगा. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असल्याने एचएसआरपी नंबरप्लेट बसवलीय का तेही पाहा, नाहीतर आरटीओतलं काम तिथेच अडेल.

फास्टॅग मुलाच्या खात्याला जोडलेला असणार. तो त्याला बंद करायला सांगा आणि तुमचा नवीन घ्या. नाहीतर तुम्ही पुण्याला गेलात की टोल जर्मनीतल्या माणसाच्या खिशातून कापला जाईल, आणि काका दर वेळी तुम्हाला ‘काल तासवडेला होतात वाटतं?’ म्हणून विचारतील.

गॅरेजवाल्याने गाडी नको म्हटलं, किंवा मुलाकडून बँकेचं पत्र मे पर्यंतही आलं नाही, तर काकांना गॅरेजचा लेखी रिपोर्ट दाखवा आणि तो त्यांच्याकडेच ठेवायला द्या. गाडी दुसऱ्या कुणाला विकतानाही त्यांना तो उपयोगी पडेल. मग मिरजेच्या डीलरकडे जा, सीटबेल्ट ओढा, २९बी मागा, आणि चार सत्तरच्या वर जाऊ नका. बजेटपेक्षा ते वीस हजार जास्त आहेत. ते जमत नसतील तर २०१७ चं मॉडेल बघा.